आरंभबिंदूतून e^x ला स्पर्शिका काढायची, तर आधी स्पर्शबिंदू शोधा

‘y = e^x या वक्राला आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका काढा.’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला की दोन मिनिटांत निम्म्या वह्यांत y = x हे उत्तर येतं. ठाण्यात नौपाड्याला माझ्या घरी बारावीची मुलं गणिताला येतात. काही कळव्याची असतात, काही ऐरोलीहून लोकलने येतात. बरीच जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. कॉलेजात टॅन्जन्ट, स्लोप, डेरिव्हेटिव्ह हे शब्द कानावर पडतात आणि दहावीच्या वर्तुळाच्या धड्यातली स्पर्शिका ती हीच, हे लक्षात यायला थोडे दिवस जातात. म्हणून इथे मी स्पर्शिका, चढ आणि विकलज हेच शब्द वापरते. तुम्हाला विकलन नुकतंच शिकवलं असेल आणि e^x चं विकलज e^x च असतं एवढं माहीत असेल, तर पुढचं सगळं जमेल.

y = x हे उत्तर कुठून येतं ते आधी पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. मुलं वाचतात, ‘आरंभबिंदूतून’. म्हणजे x = 0. मग चढ किती? e^0, म्हणजे 1. चढ 1 आणि रेषा (0, 0) मधून जाणारी, झालं y = x. प्रत्येक पायरी ओळखीची वाटते, पण पहिलीच चुकलेली असते. x = 0 ठेवला तर y = e^0 = 1 येतो, म्हणजे वक्र (0, 1) मधून जातो, (0, 0) मधून नाही. आरंभबिंदू या वक्रावर नाहीच. तिथे वक्राचा चढ काढणं म्हणजे रस्ता जिथून जातच नाही तिथला चढ विचारणं.

दहावीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायचो, ते आठवा. बिंदू बाहेर आणि रेषा वर्तुळाला टेकते ती दुसरीकडेच. इथेही तसंच आहे. रेषा निघते आरंभबिंदूतून आणि वक्राला टेकते वेगळ्याच बिंदूवर. तो कुठे आहे हे प्रश्नाने सांगितलेलं नाही, तोच शोधायचा आहे. ‘स्पर्शिका काढा’ असं वाचलं की मी मनात ‘स्पर्शबिंदू काढा’ असंच वाचते. तो मिळाला की रेषेचं समीकरण एका ओळीचं काम असतं.

बीजगणिताआधी एकदा कागदावर करून पाहा. आलेखाच्या कागदावर दोन्ही अक्षांवर २ सेंमी म्हणजे १ एकक धरा. हे बिंदू घ्या: x = -1 ला 0.37, x = 0 ला 1, x = 0.5 ला 1.65, x = 1 ला 2.72, x = 1.5 ला 4.48 आणि x = 2 ला 7.39. ते हलक्या हाताने जोडले की डावीकडे X-अक्षाला लगटून येणारा आणि उजवीकडे झपाट्याने वर जाणारा वक्र मिळतो. आता कागदाखाली पुठ्ठा ठेवा, आरंभबिंदूवर टाचणी टोचा आणि तिला शिवणाचा दोरा बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक ताणून धरा आणि हळूहळू फिरवा.

दोरा (2, 4) वरून नेला, म्हणजे त्याचा चढ 2 झाला, की तो वक्राच्या खालूनच निघून जातो. जवळात जवळ, x = 0.7 च्या आसपास, वक्र आणि दोरा यांच्यात उभं अंतर ०.६१ एकक, म्हणजे कागदावर सव्वा सेंटिमीटरच्या जवळपास उरतं. आता दोरा (2, 6) वरून न्या, चढ 3 करा. तो वक्राला दोन ठिकाणी कापतो, एकदा x = 0.62 जवळ आणि पुन्हा x = 1.51 जवळ. ही छेदिका झाली. आता दोरा केसभर, केसभर खाली आणा. ते दोन छेदनबिंदू एकमेकांकडे सरकू लागतात आणि एका क्षणी एकमेकांत मिसळतात. दोरा तिथेच थांबवा आणि तिथे x किती आहे ते वाचा. माझ्याकडे एका मुलीने पावसाळ्यात, कागद दमट होऊन जरा फुगलेला असतानाही, ०.९ आणि १.१ च्या मध्ये बोट ठेवलं होतं. ‘बाई, एकच असणार ना?’ असं तिने विचारलं. एकच आहे, पण कागद ते सिद्ध करत नाही. ते आता करू.

पहिली पायरी म्हणजे स्पर्शबिंदूला नाव देणं. त्याचा x-निर्देशक a धरा. बिंदू वक्रावर आहे, म्हणून y-निर्देशक आपोआप e^a. स्पर्शबिंदू झाला (a, e^a). इथे x हेच अक्षर वापरलं तर पुढे सगळं बिघडतं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

दुसरी पायरी, त्या बिंदूपाशी वक्राचा चढ. विकलज e^x, त्यात x च्या जागी a, म्हणून चढ e^a. या वक्राची ही खासियत आहे की बिंदूची उंची आणि तिथला चढ एकच असतात. याचा उपयोग थोड्या वेळाने होणार आहे.

तिसरी पायरी, त्या बिंदूतली स्पर्शिका:

y - e^a = e^a (x - a)

इथवर आरंभबिंदूचा उल्लेखही आलेला नाही. ही वक्राच्या कुठल्याही बिंदूपाशी चालणारी स्पर्शिका आहे. a बदला, रेषा बदलेल. a = 0 घेतलं तर y = x + 1 येते, ती (0, 1) ला टेकते. मुलांच्या y = x शी ताडून पाहा. चढ तोच आहे, पण ही रेषा एक एकक वर आहे. म्हणजे y = x हे (0, 1) मधल्या स्पर्शिकेला समांतर आणि वक्राच्या खालून, कुठेही न टेकता जाणारं उत्तर होतं.

चौथ्या पायरीत आरंभबिंदू वापरायचा. या सगळ्या स्पर्शिकांपैकी आपल्याला ती हवी जी (0, 0) मधून जाते. म्हणून x = 0, y = 0 ठेवा:

0 - e^a = e^a (0 - a)
-e^a = -a e^a
e^a = a e^a

आता दोन्ही बाजूंना e^a ने भागायचं. भागण्याआधी एक वाक्य वहीत लिहायची सवय लावा: e^a कधीच शून्य होत नाही, म्हणून भागता येतं. राहतं a = 1. स्पर्शबिंदू (1, e), चढ e, आणि स्पर्शिका

y = e x

e म्हणजे साधारण २.७१८. दोऱ्याचा चढ 2 ला कमी पडत होता आणि 3 ला जास्त होत होता, तो मध्ये इथे थांबला. आलेखावर स्पर्शबिंदू टाचणीपासून २ सेंमी उजवीकडे आणि ५.४ सेंमी वर असायला हवा. मोजून पाहा.

भागण्याआधीचं ते वाक्य मी का आग्रहाने लिहायला लावते, ते y = x^3 वर करून पाहिलं की कळतं. स्पर्शबिंदू (a, a^3), चढ 3a^2, आरंभबिंदूची अट a^3 = 3a^3. विचार न करता a^3 ने भागलं तर 1 = 3 उरतं, आणि मुलं ‘स्पर्शिका नाही’ असं लिहून मोकळी होतात. खरं तर a = 0 आहे, तिथे आरंभबिंदू वक्रावरच आहे आणि X-अक्ष हीच स्पर्शिका आहे. e^a च्या बाबतीत हा धोका नाही, पण तो का नाही हे माहीत असावं.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही मांडता येते, आणि मला ती मांडणी जास्त आवडते. आरंभबिंदू आणि (a, e^a) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ किती? वर गेलो e^a, उजवीकडे गेलो a, म्हणून चढ e^a / a. वक्राचा तिथला चढ e^a. रेषा स्पर्शिका असेल तर दोन्ही चढ सारखे हवेत:

e^a / a = e^a

उत्तर समोरच आहे, a = 1. इथे a शून्य नाही हे गृहीत धरलं आहे. ते चालतं, कारण a = 0 असता तर जोडणारी रेषा उभा Y-अक्ष झाली असती आणि (0, 1) पाशी वक्राचा चढ 1 आहे, म्हणजे वक्र तिथे उभा नाही. घाई असेल तेव्हा मी हीच रीत वापरते. पण बाहेरचा बिंदू (0, 0) सोडून दुसरा असला तर चढाच्या दोन्ही बाजूंत वजाबाकी येते आणि मुलं तिथे घसरतात, म्हणून सुरुवातीला चार पायऱ्यांची रीतच पक्की करावी.

आता वहीत दिसणारी दुसरी मोठी चूक. चढ e^x असं लिहायचं, (0, 0) मधून जाणारी रेषा म्हणून y = e^x · x असं उत्तर द्यायचं आणि खाली दोन रेघा ओढायच्या. ही चूक नेमकी अक्षरात आहे. x म्हणजे रेषेवर मोकळा फिरणारा निर्देशक, a म्हणजे एका जागी खिळलेला बिंदू. दोघांना एकच अक्षर दिलं की चढ रेषेवर जागोजागी बदलू लागतो, आणि चढ बदलला की ती रेषाच राहत नाही. स्वतःचं उत्तर तपासायची सोपी खूण म्हणजे शेवटच्या ओळीत x हा घातांकात किंवा दुसऱ्या x ने गुणलेला दिसतोय का ते पाहणं. दिसला तर ते सरळ रेषेचं समीकरण नाही, मागे जा. e^x आणि e x या दोन्हींचं वाचनही नीट करा. पहिल्यात x घात आहे, दुसऱ्यात e ही संख्या आणि x यांचा गुणाकार. घाईत लिहिलेला घातांक ओळीवर उतरला की वक्राची रेषा होऊन बसते, म्हणून घातांक स्पष्ट वर लिहा.

कॅल्क्युलेटरवर पडताळताना आणखी एक फसगत होते. काही कॅल्क्युलेटरवर EXP असं बटण असतं. ते e चा घात काढण्यासाठी नसतं, ते दहाच्या घाताने गुणतं. e^1 काढून पाहा. २.७१८ आलं तर बटण बरोबर, १० सारखं काही आलं किंवा चूक दाखवली तर ते बटण नको.

y = ex ही रेषा वक्राला x = 1 पाशी टेकते हे दोन मोजमापांनी लगेच तपासता येतं. x = 1 ठेवल्यावर रेषेवर e आणि वक्रावरही e, उंची जुळली. रेषेचा चढ e आणि वक्राचा तिथला चढही e, दिशा जुळली. या दोन्ही गोष्टी जुळायला हव्यात. नुसती उंची जुळली तर ती छेदिकाही असू शकते.

वक्र रेषेच्या वरच राहतो का, हेही पाहता येतं. दोघांमधला फरक e^x - ex घ्या. त्याचं विकलज e^x - e, ते x = 1 ला शून्य होतं, त्याआधी ऋण असतं आणि नंतर धन. म्हणजे फरक x = 1 पर्यंत उतरत येतो, तिथे शून्य होतो आणि मग पुन्हा वाढतो. म्हणून प्रत्येक x साठी e^x ≥ ex, आणि बरोबरी फक्त x = 1 ला. या एका ओळीतून एक सुंदर गोष्ट निघते. x च्या जागी π/e ठेवा. e^(π/e) > π मिळतं, दोन्ही बाजूंचा e घात घ्या, झालं e^π > π^e. पहिली संख्या साधारण २३.१४ आणि दुसरी २२.४६. कॅल्क्युलेटरला हात न लावता कोणती मोठी ते कळलं, आणि कळलं ते आपल्याच स्पर्शिकेमुळे.

प्रवेशपरीक्षेत हाच प्रश्न वेष बदलून येतो: e^x = kx या समीकरणाची उत्तरं किती? दोरा आठवा. k म्हणजे दोऱ्याचा चढ. k > e असेल तर दोन, k = e ला एक, 0 आणि e च्या मध्ये एकही नाही. k ऋण असेल तर दोरा डावीकडे वर जातो आणि वक्राला एकदा कापतो, म्हणून एक उत्तर. k = 0 ला रेषा X-अक्षच होते, वक्र त्याला कधी टेकत नाही, म्हणून शून्य उत्तरं.

एका वर्षी ऐरोलीच्या एका मुलाने विचारलं, ‘बाई, वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका येतात. मग इथे एकच कशी?’ असा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गात असला की तास सार्थकी लागतो. त्याला मी म्हटलं, ‘अरे, तिसऱ्या पायरीतल्या रेषेत y = 0 ठेव आणि ती X-अक्षाला कुठे मिळते ते सांग.’ त्याने केलं:

-e^a = e^a (x - a), म्हणून x = a - 1

म्हणजे a काहीही असो, e^x ची स्पर्शिका X-अक्षाला स्पर्शबिंदूच्या बरोबर एक एकक डावीकडे मिळते. x = 2 पाशी टेकणारी स्पर्शिका 1 ला मिळते, x = 0 पाशी टेकणारी -1 ला. उंची आणि चढ सारखे असल्याचाच हा परिणाम आहे. जितकं वर, तितकाच तीव्र चढ, म्हणून खाली उतरायला आडवं अंतर नेहमी एकच लागतं. आता आरंभबिंदू X-अक्षावर 0 ला आहे, मग स्पर्शबिंदू 1 ला, दुसरीकडे कुठे असूच शकत नाही. X-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूतून नेमकी एकच स्पर्शिका निघते. (5, 0) दिला तर स्पर्शबिंदू x = 6 पाशी, गणित करायचीही गरज नाही.

पण बिंदू अक्षावरून उचलून वक्राच्या दिशेने थोडा वर नेला की मुलाच्या मनातल्या दोन स्पर्शिका खरंच येतात. (0, 0.5) घ्या. चौथ्या पायरीत x = 0, y = 0.5 ठेवल्यावर e^a (1 - a) = 0.5 मिळतं, आणि त्याची दोन उत्तरं आहेत, साधारण a = 0.77 आणि a = -1.68. टाचणी तिथे टोचून दोरा दोन्हीकडे फिरवून पाहा, डावीकडची स्पर्शिका जवळजवळ आडवी दिसेल. बिंदू वक्राच्या वर, म्हणजे (0, 2) सारखा असेल, तर एकही स्पर्शिका येत नाही.

पाया बदलला तरी रीत तीच. y = 2^x चं विकलज 2^x ln 2. म्हणून 2^a / a = 2^a ln 2, आणि a = 1 / ln 2, साधारण १.४४. तिथे वक्राची उंची काढा: 2^a म्हणजे e^(a ln 2), आणि a ln 2 = 1, म्हणून उंची पुन्हा e. पाया 1 पेक्षा मोठा कुठलाही घ्या, 3, 10 काहीही, आरंभबिंदूतली स्पर्शिका वक्राला २.७१८ या उंचीवरच टेकते, फक्त आडवी जागा सरकते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी किती तरी पाये घेऊन मोजून पाहिले होते.

मात्र वक्र थोडा वर उचलला की हे नीटनेटकं उत्तर जातं. y = e^x + 1 घ्या. स्पर्शबिंदू (a, e^a + 1), चढ e^a, आरंभबिंदूची अट e^a + 1 = a e^a. आता e^a ने भागलं तरी a सुटा होत नाही, 1 + e^(-a) = a एवढंच हाती लागतं. रीत बरोबर आहे, पण a साधी आकडेमोड करून मोकळा होणार नाही. अशा वेळी मुलं आपलंच चुकलं समजून पान खोडतात. खोडू नका. उजवीकडचा a हे नवं मूल्य आणि डावीकडचा जुनं असं समजा. a = 1 पासून सुरू करा, 1 + e^(-1) काढा, 1.368 येईल. ते पुन्हा डावीकडे ठेवा: 1.255. पुन्हा: 1.285, मग 1.277, 1.279, 1.278. उत्तर एकदा इकडे, एकदा तिकडे झुलत झुलत 1.278 वर स्थिरावतं. तिथे e^a साधारण 3.59, म्हणून स्पर्शिका y = 3.59x च्या आसपास. पडताळा: वक्राची उंची 3.59 + 1 = 4.59, रेषेची 1.278 × 3.59, तीही 4.59.